रोज निघणारी झारी

सहदेव तांबटाच्या झारीखाली उभे राहिले की पाणी अंगावर पडत नाही, शेजारच्या भिंतीवर पडते, ही गोष्ट त्या वर्षी कल्याणात बरीच पसरली होती. पारनाक्यावर पान लावणाऱ्यापासून स्टेशनावर कंदील पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती ठाऊक होती. ज्यांनी झारीखाली कधी अंघोळ केलेली नव्हती, म्हणजे जवळजवळ सगळ्याच गावाने, तेही ती चवीने सांगत. सहदेव दुकानात मान खाली घालून ठोकत बसे आणि ऐकू आले नाही असे दाखवी. ठोक्यांचा आवाज असल्यामुळे ते शोभूनही जाई.

कल्याणला आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षे झाली होती. स्टेशनापलीकडे कंपनीने गोऱ्या ड्रायव्हरांसाठी एक बंगला बांधला होता. लोक त्याला डायव्हरांचा बंगला म्हणत. घाट उतरून आलेला माणूस कोळशाने काळाठिक्कर झालेला असे. त्याच्यासाठी बंगल्यामागे तीन खोल्यांची न्हाणी होती, वर लोखंडी टाकी आणि प्रत्येक खोलीत छताला एक पितळी झारी. कंपनीच्या वाट्याचे तळ्याचे मऊ पाणी इंजिनांसाठी राखलेले. न्हाणीला मिळे ते बंगल्याच्या विहिरीचे. विहिरीला पाणी भरपूर, पण जड. त्यात डाळ शिजायला दुप्पट लाकूड लागे आणि साबणाचा फेस होण्याऐवजी पाण्यावर साय धरे.

झाऱ्या मुळात विलायतेहून आलेल्या. दोन वर्षांत त्यांच्या तोंडावर पांढरी खरपुडी चढली. भोके बुजली. फिटरने त्या काढायला पाना लावला, तर आट्यांमध्येही तोच चुना बसून दगड झालेला. एक झारी मानेपासूनच मोडून हातात आली. तेव्हा स्टेशनाचे दिवे, तेलाच्या झाऱ्या, नळाच्या तोट्या दुरुस्त करणाऱ्या सहदेवला बोलावणे गेले. त्याने मोडकी झारी समोर ठेवली आणि तशीच हुबेहूब बनवली: तेवढीच बारीक भोके, तेवढीच सपाट ताटली, आणि ताटली कडेने डाखून, म्हणजे कथलाने सांधून, पक्की बंद. कामात खोट नव्हती. चार महिन्यांनी तिच्या भोकांतून पाणी दहा दिशांना उडू लागले.

सहदेवचे वय तेव्हा बेचाळीस. उंचीने बेताचा, दंड मात्र ऐरणीजवळ बसून घडलेले. बोलणे कमी. एखाद्या भांड्याची कड बोटाने चाचपताना तो डोळे मिटून घेई, जणू बोटांनी सांगितलेले डोळ्यांनी मध्येच तोडू नये. मूलबाळ नव्हते. घरात बायको मालन, आणि तिच्या बोलण्याने घर भरलेले.

त्या मार्गशीर्षात मालनचा भाऊ आनंदा मुंबईहून आला. तांबाकाट्यावरच्या एका मोठ्या भांड्यांच्या दुकानात तो मुकादम होता.

"दाजी, आता इथे काय उरलंय तुमचं?" जेवता जेवता तो म्हणाला. "पत्र्याची तयार भांडी गाडीने येतात. घडवायचं कोणी सांगत नाही. स्टेशनाचं काम आहे म्हणून तुमची भट्टी पेटते. तेही त्या झारीनं घालवलंत."

"अजून गेलेलं नाही," सहदेव म्हणाला.

"जाईल. पाडव्यापासून आमच्याकडे एक जागा आहे. होळीला येतो. तेव्हा काय ते सांगा."

"तिथे काय घडवायचं?"

"घडवायचं नाही. कान बसवायचे. दिवसभर हंड्यांना कान."

सहदेवने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बराच वेळ हातात धरून ठेवला. दिवसभर कान. सगळे एका मापाचे, दुसऱ्याने केलेल्या हंड्यांना. मालनने त्याच्या ताटाकडे पाहिले आणि विषय बदलला, पण तिला कळायचे ते कळले. स्टेशनाचे काम टिकले तर कल्याण, गेले तर मुंबई. मध्ये जागा नव्हती.

आठवड्याने स्टेशनावरून शिपाई चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी कारकून श्रीपादपंतांची. स्टेशनाचा गोरा साहेब इंग्रजीत बोले, पंत ते मराठीत उतरवत, आणि वेळ नसल्यामुळे फार थोडक्यात उतरवत. सहदेवला मोडी वाचता येई. त्याने उंबऱ्यात उभे राहून वाचले: 'नवी झारी करावी. रोज साफ निघाला पाहिजे. मागच्यासारखे चालणार नाही. ही शेवटची.'

"काय म्हणतात?" मालनने आतून विचारले.

"रोज साफ निघाला पाहिजे."

"काय निघाला पाहिजे?"

सहदेवने पुन्हा वाचले. "मळ असणार. मळ निघतो. पंत घाईत शब्द गाळतात."

"रोज?" मालन बाहेर आली. "रोज झारी साफ करायची म्हणजे त्या रखमाबाईला छताला टांगूनच ठेवायला हवं."

रखमाबाई न्हाणीची झाडलोट करी. सहदेव दुसऱ्या दिवशी तिलाच भेटायला गेला. घाटाखालच्या एका वाडीतली ही बाई, नवरा गेल्यावर स्टेशनावर आलेली, पन्नाशीची, सुपारीसारखी घट्ट. तिने तिपाई ओढली, वर चढली आणि दाभणाच्या टोकाने झारीचे एक एक भोक टोचून दाखवले.

"आठ दिसानं अशी टोचते. वरून चिंच लावते, रेतीनं घासते. दोन दिस बरी चालती, परत हाय तेच. भाहेरचं निघतं रं, आतलं कसं निघावं? तू तर तोंड शिवून टाकलंस हिचं."

"मी नाही, विलायतेतच शिवलेलं होतं."

"मंग त्यांनी शेण खाल्लं म्हून तूबी खायाचं?"

सहदेव हसला. खूप दिवसांनी कोणी त्या झारीबद्दल त्याच्या तोंडावर बोलले होते, आणि ते बरे वाटले. त्याने डाख वितळवून आपल्या झारीची ताटली सोडवली आणि खिडकीपाशी नेली. आत काय होते ते तो पहिल्यांदाच पाहत होता. भोकांभोवती चुन्याची बारीक वारुळे उभी होती. टाकीतून सुटून आलेल्या गंजाच्या आणि चुन्याच्या खपल्या त्यांत अडकल्या होत्या. बाहेरच्या बाजूला रेतीने पितळेवर ओरखडे पडले होते आणि प्रत्येक ओरखड्यात एक पांढरी रेघ घट्ट बसली होती. जितके घासले, तितकी चुन्याला बसायला जागा मिळाली होती.

त्याने रखमाबाईला दुसऱ्या झारीचे पाणी सोडायला आणि बंद करायला सांगितले. मग तो तिपाईवर बसून नुसता पाहत राहिला. पाणी बंद झाले तरी झारी रिकामी झाली नाही. ताटली सपाट, भोके बारीक. वरून हवा शिरायला वाट नाही, म्हणून आतले पाणी आतच अडून राहिले. प्रत्येक भोकाला एक थेंब लोंबत होता. तो पडत नव्हता, तिथेच वाळत होता. पाणी उडून जाणार आणि त्यातला चुना मागे राहणार, रोज तीन वेळा, प्रत्येक भोकाला.

"किती वेळ बघतूस?" रखमाबाई म्हणाली. "न्हायचं असंल तर सांग, मी भाहेर जाते."

घरी येऊन तो दोन दिवस काही न करता बसला. मालनला त्याची ही सवय माहीत होती. तिने विचारले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आवडाबाई काशीहून आणलेल्या गंगेचा तांब्या घेऊन आल्या. झाकणाची फिरकी अडली होती. असे तांबे सहदेवच्या घरात तीन पिढ्या होत होते: गळ्याभोवती जाड तारेचा वेढा डाखलेला, झाकणाच्या आत तसाच उलटा वेढा. दीड फेरा दिला की पाणी सांडत नाही, दीड फेरा उलटा दिला की झाकण हातात. बाईमाणसाच्या ओल्या हातालाही उघडावे म्हणून वेढे मोकळे आणि ठसठशीत ठेवायचे. सहदेवने फिरकी सोडवून दिली, आवडाबाई गेल्या, आणि तो तसाच हात पुढे धरून बसून राहिला.

"आता काय?" मालन म्हणाली.

"रोज उघडायची तर पाना नको," तो म्हणाला. "ताटली नकोच. झाकण हवं."

पुढचे पंधरा दिवस भट्टीला उसंत मिळाली नाही. त्याने झारीची मान तांब्याच्या गळ्यासारखी केली, जाड तारेच्या फिरकीची. तोंड सपाट न ठेवता वाटीसारखे खाली फुगवले. कडेची भोके वर आली आणि मधली खाली. पाणी बंद झाले की कडेच्या भोकांतून हवा आत शिरेल आणि उरलेले पाणी मधल्या भोकांतून निथळून जाईल. भोके सुई जाईल एवढी होती, ती दाभण जाईल एवढी केली, पण संख्येने कमी. प्रत्येक भोकाची कड कानशीने मोडली आणि आतबाहेर घोटून काढली. मग आतून कल्हई चढवली, इतकी नितळ की मालनने त्यात आपला दात बघितला. फिरकीत पाणी गळू नये म्हणून सुताचा धागा मेणात बुडवून एक वेढा दिला.

"देवाच्या पळीला कधी एवढं घोटलं नाहीत," ती म्हणाली.

"देवाच्या पळीला चुना धरत नाही."

"कसा धरेल? मी रोज पुसते."

तिने ते सहज म्हटले. पण सहदेव मान हलवत राहिला, जणू हिशोब दुसऱ्या बाजूने करूनही तेच उत्तर आले होते.

पौषात झारी बसवली. साहेब स्वतः आला, बरोबर पंत आणि पाना घेतलेला फिटर. साहेबाने फिटरला खूण केली: काढून दाखव. फिटर पाना लावायला कड शोधू लागला. कड नव्हतीच. तेवढ्यात रखमाबाई तिपाईवर चढली, तिने एका हाताने दीड फेरा फिरवला आणि झारीचे तोंड काढून साहेबापुढे धरले, भाजीवाली वांगे दाखवते तसे.

साहेबाच्या भुवया वर गेल्या. "ये क्या है? इतना ढीला? कौन बोला?"

"आपणच, साहेब," सहदेव म्हणाला. "चिठ्ठीत होतं. रोज साफ निघाला पाहिजे. म्हणून रोज उघडता येईल अशी केली."

श्रीपादपंतांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू तांबडा झाला. "अरे सहदेवा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "रोज म्हणजे दररोज नव्हे रे. झारीच्या या तोंडाला इंग्रजीत रोज म्हणतात. साहेब म्हणाले, रोज न मोडता साफ निघाला पाहिजे. वर्षा-दोन वर्षांनी, पान्यानं. बस."

"मला वाटलं, मळ."

"मळ कुठून आला?"

"तुम्ही शब्द गाळता, पंत."

फिटर भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. पंतांना आता साहेबाला सगळे इंग्रजीत सांगावे लागले, आणि ते सांगताना आपली चूक नेमकी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. पण साहेबाला हिंदुस्थानी येत होती. त्याने "रोज" आणि "रोज" असे दोनदा म्हणून पाहिले आणि मिशीखाली काहीतरी हलले. तरी तो मानला नाही. हाताने उघडते म्हणजे गळेल. कोणीही काढून नेईल. रोज पुसायचा आळस केला की मागचेच. होळीपर्यंत बघू, तो म्हणाला. होळीला पाणी सरळ पडले तर ठीक, नाही तर मुंबईहून झाऱ्या येतील आणि स्टेशनाचे बाकीचे कामही तिकडेच जाईल.

सहदेव घरी आला आणि मालनला म्हणाला, "मी चुकीचं वाचलं."

"मग झारी चुकीची झाली?"

त्याने विचार केला. "नाही."

"मग जेवा."

पहिल्या आठवड्यात सहदेव रोज सकाळी न्हाणीत जाई. पहिल्याच दिवशी त्याने रखमाबाईच्या हातातून रेती काढून घेतली. दाभणही घेतले.

"मंग घासू काय, नाक?"

"घासायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं. ताजा चुना पिठासारखा असतो. बघ."

त्याने अंगठा फिरवला. आतल्या कल्हईवर बसलेली कालची धुरकट साय अंगठ्याला लागून आली, तांदळाच्या पिठीसारखी. रखमाबाईने स्वतः करून पाहिले, मग अंगठा जिभेला लावला.

"चव न्हाई."

"आठवड्यातून एकदा चिंचेच्या कोळात ठेवायची. मातीच्या परळात, पितळेच्या नको. बुडबुडे थांबले की काढायची आणि धुवायची. विसरून ठेवलीस तर आंबट कल्हई खाईल."

"म्हंजी पोरासारखी सांभाळायची."

"पोरापेक्षा सोपी. ही रडत नाही."

माघात पाणी सरळ पडत होते. ड्रायव्हर लोक दुसऱ्या दोन खोल्या सोडून याच खोलीपुढे रांग लावू लागले. गावात भिंतीची गोष्ट जुनी झाली. सहदेव आता एक दिवसाआड जाई, मग आठवड्यातून एकदा.

होळीला चार दिवस उरले असताना रखमाबाई भल्या सकाळी दुकानात आली. ती कधी येत नसे. तिने बसण्याआधीच सांगितले: बहिणीच्या पोरीचे लग्न होते, ती वाडीला गेली होती, बारा दिवस. बदली बाईने न्हाणी झाडली, झारीला हात लावला नाही. आज उघडायला गेले तर फिरकी फिरत नाही.

"आणि पाणी?"

"पडतं. पन दोन धारा वाकड्या झाल्यात."

सहदेव उठला. तिपाईवर चढून त्याने हात लावला. वेढ्यांवरचे मेण धुऊन गेले होते आणि उघड्या पडलेल्या जागी चुन्याने झाकण आणि मान एकत्र सांधली होती. खाली फिटर येऊन उभा राहिला. "पाना देऊ?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो खरेच विचारत होता. सहदेवला क्षणभर मोह झाला. पण पान्याने तार निसटली असती, आणि मानेपासून मोडलेली विलायती झारी त्याने पाहिली होती.

"लिंबं आहेत?" त्याने रखमाबाईला विचारले.

बंगल्याच्या स्वयंपाकघरातून सहा लिंबे आली. पाणी कढत केले, लिंबे पिळली, त्यात जाड फडके बुडवले आणि झारीच्या मानेला घट्ट गुंडाळले. मग तिघेही कान देऊन बसले. वर फडक्यातून बारीक सरसर ऐकू येत होती, कानाजवळ शंख धरावा तशी. ती चुना विरघळण्याची होती. फडके गार झाले की रखमाबाई पुन्हा कढत लिंबूपाण्यात बुडवून देई. तिसऱ्या वेळी सहदेवने डोळे मिटले, तळवा झारीच्या फुगीर तोंडावर ठेवला आणि दाबले नाही, नुसते वळवले. काहीतरी कचकन सुटले. दीड फेरा.

आत बारा दिवसांची साय होती, जाडसर, पण अजून दगड झालेली नव्हती. कल्हईवरून ती पापुद्र्यासारखी सुटून आली. दोन वाकड्या भोकांत टाकीची खपली होती. ती आतून फुंकरीने निघाली. फिटरने झाकण हातात घेऊन उलटसुलट केले.

"बाराच दिवसांत जाम," तो म्हणाला. "वर्षानं उघडायची असती तर ही विलायतीपेक्षा वाईट ठरली असती, सहदेवभाऊ."

"हो," सहदेव म्हणाला. "ही रोजचीच आहे."

त्याने साहेबाला ही गोष्ट लपवली नाही. होळीच्या दिवशी साहेब आला तेव्हा त्याने पंतांना सगळे सांगायला लावले: बारा दिवस, लिंबे, जाम झालेली फिरकी, आणि हेही की दर महिन्याला मेण नवे लावावे लागेल. पंतांनी या वेळी एकही शब्द गाळला नाही. साहेब ऐकत होता. मग त्याने कोटाची बाही वर केली, तिपाईवर चढला आणि स्वतःच्या हाताने झाकण उघडले. आत बोट फिरवून बोट पाहिले. झाकण बसवले, पाणी सोडले. पाणी सरळ खाली आले, सगळ्या धारा वेगवेगळ्या, एकमेकींना न भिडता. बंद केल्यावर मधून एक छोटीशी धार निथळली आणि थांबली. एकही थेंब लोंबत राहिला नाही. साहेबाचा बूट मात्र भिजला.

तो पंतांशी इंग्रजीत थोडे बोलला. पंत सहदेवकडे वळले.

"दुसऱ्या दोन खोल्यांनाही अशाच करायच्या. मेण कंपनी देईल. आणि रखमाबाईच्या कामात रोज झारी पुसणे हे लिहून ठेवायचं." मग ते म्हणाले, "रोज म्हणजे दररोज."

"कळलं, पंत."

"आणि तुझं स्टेशनाचं काम तुझ्याकडेच."

आनंदा धुळवडीला आला. मालनने पुरणपोळ्या केल्या होत्या. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजणार नाही म्हणून तिने तळ्याचे दोन हंडे मागवले होते. आनंदाने पाटावर बसतानाच विचारले, "मग दाजी, बांधली का वळकटी?"

"नाही येत, आनंदा."

"विचार करून बोला. तांबाकाट्यावर जागा रोज रिकामी होत नसते."

"केला. दोन झाऱ्या करायच्या आहेत."

"दोन झाऱ्या," आनंदा बहिणीकडे वळला. "ऐकलंस? दोन झाऱ्यांसाठी मुंबई सोडतायत."

"झाऱ्या दोनच नाहीत," मालन म्हणाली. "आपल्या बंबाच्या तोटीची फिरवायची खुंटी किती दिवस अडते आहे. तीही हातानं निघेल अशी करून हवी मला. आणि बंब काय आपल्या एकट्याकडे आहे? आवडाबाई कालच विचारून गेल्या. तू तूप घे."

आनंदाने तूप घेतले. तो दुपारच्या गाडीने परत गेला, रागावून नाही, पण मान हलवत. सहदेव त्याला वेशीपर्यंत पोचवून आला. परतताना स्टेशनाकडून येणारा कोणीतरी ओळखीचा त्याला पाहून हसला, आणि भिंतीची गोष्ट न काढता पुढे गेला.

दुकानात येऊन त्याने भाता हाताळला. पत्र्यावर गोल आखले, एक आणि शेजारी दुसरा. मग बंबाच्या तोटीकडे पाहिले; मालनने ती कधीच काढून त्याच्या ऐरणीवर आणून ठेवली होती. खुंटी खालून एका चापाने धरता आली असती. बंब रिकामा असताना चाप ओढायचा, खुंटी वर, पुसायची, तुपाचे बोट लावायचे, परत. त्याने चापाची जागा अंगठ्याने चाचपली आणि डोळे मिटले.

"आधी साहेबाच्या की आधी माझी?" मालनने आतून विचारले.

"तुझी," तो म्हणाला, आणि कानस उचलली.